रामरामाचा हिशेब ठेवणाऱ्यांनो

आज सकाळी मेहरूण तलावावर फिरताना आमच्यातल्या एकाने फर्मान काढलं. "त्या काकांना उद्यापासून कोणी रामराम घालायचा नाही. रोज घालतो, साधी मान हलवत नाहीत. समजतात कोण स्वतःला?" बाकीच्यांनी लगेच होकार भरला. चांगली शिकलेली माणसं. रामराम म्हणजे काय उधारीची वही आहे का, तिकडून जमा झाला नाही की खातं बंद?

त्या काकांचं मला काही माहीत नाही. पण आमच्या आप्पांचं माहीत आहे.

आप्पा मास्तर होते. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, अर्ध्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांचं हसणं कमी झालं. कोणी रामराम घातला की नुसते बघत राहायचे. पारावर बोलणं सुरू झालं, "आप्पा आते कोनशी बोलस नही, पेन्शननी मस्ती शे." आईच्या कानावर ते यायचं आणि ती रात्री रडायची.

कारण कळलं ते बँकेत. सही जुळेना. फळ्यावर टपोरं अक्षर काढणारा माणूस, आणि सहीतलं पहिलं अक्षर बरं, पुढची मुंगीएवढी होत गेलेली. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालायला लावलं. उजवा हात हलत होता, डावा अंगाला चिकटलेला. पार्किन्सन्स, म्हणाले. हात कापत नव्हते, म्हणून आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांनाच कंप सुटतो असं नाही म्हणे.

या आजारात चेहऱ्याचे स्नायूसुद्धा आखडतात. पापणी कमी लवते, हसू ओठापर्यंत यायला वेळ लागतो, आवाज बारीक होतो. आत माणूस तोच असतो, त्याला आनंदही तेवढाच होतो, फक्त तो चेहऱ्यावर उमटत नाही. आप्पा उत्तर द्यायचे हो! पण ते तोंडातून निघेपर्यंत रामराम घालणारा चार पावलं पुढे गेलेला असायचा, आणि मोटारसायकलवर असला तर वेशीबाहेर. नीट बघणाऱ्याला कळायचं, कारण त्यांची नजर त्या माणसामागे जायची आणि ओठ हलायचे.

बरं, गोळी घेतली की तासाभरात चेहरा थोडा सैल व्हायचा, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की परत दगड. म्हणजे सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीशी हसून बोलले आणि दुपारी तुमच्याकडे नुसतं बघितलं, असं व्हायचं. मग काय, "मोठ्या माणसांशी बरं बोलता येतं!"

सगळ्यात राग मला टोमणे मारणाऱ्यांचा यायचा. "काय आप्पा, वळख विसरले का?" असं चारचौघांत मोठ्याने विचारलं की ते आणखी आखडायचे. घाई झाली, दडपण आलं की हा आजार तेवढ्यापुरता जोर करतो.

गावातला चहावाला मात्र वेगळा. त्याला आजाराचं नावही माहीत नव्हतं. तो समोर येऊन उभा राहायचा, "राम राम, आप्पा" म्हणायचा आणि कप विसळत थांबायचा. उत्तर आलं की चहा ओतायचा. एखाद्या दिवशी नाही आलं तरी चहा ओतायचाच, आणि दुसऱ्या दिवशी रामराम त्याच आवाजात. कालचं नव्हतं आलं म्हणून आज मोठ्याने नाही, की तोंड वाकडं करून नाही. उत्तराची वाट बघायचा, पण उत्तरावर अडून बसायचा नाही. तेवढं आपल्याला का जमू नये?

हो, मुद्दाम न बोलणारे असतात. भाऊबंदकीत बांधावरून तोंड फिरवणारे मीही पाहिलेत. असतील. त्यांनाही मी एकदा, नेहमीच्या आवाजात रामराम घालतो आणि चालत राहतो. घशाशी येतं कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण तोंड त्यांनी फिरवलंय ना, मग मी का वाकडं करू?

आणि नुसतं पार्किन्सन्सच कशाला. वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात, त्यात रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. मोतीबिंदू असला तर समोरून कोण आलं तेच कळत नाही. आणि वादळात केळीचा बाग आडवा झालेल्या माणसाकडून कसल्या हसण्याची अपेक्षा ठेवता?

तर कमेंटमध्ये "पण काही लोक खरंच माजलेले असतात" असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, वर कबूल केलंय मी. फक्त घरात कोणाची सही बारीक होत चालली असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर ते लिहीत बसू नका. आधी मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावा.