टेनिसमधला दोन हातांचा बॅकहँड : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

मेसेज असा : "बॅकहँडला उजवा हातच मारतो, डावा फक्त आधाराला. चेंडू शरीराजवळ येऊ द्या, मग मनगटाने फिरवा."

उजव्या हाताच्या खेळाडूसाठी हे जवळजवळ उलटं आहे. या फटक्यात वरचा, म्हणजे डावा हात रॅकेट पुढे ढकलतो. तो डाव्या हाताचा फोरहँडच समजा. खालचा उजवा हात रॅकेट सांभाळतो. पडताळायचं असेल तर सर्व्हिस लाइनवर उभं राहून, दांडा थोडा वर धरून, नुसत्या डाव्या हाताने हळू चेंडू मारून पाहा. जे सुरुवातीला अवघड जातं, तेच शिकायचं आहे.

मनगटाआधी कंबर. चेंडू येताना खांदे आणि कंबर एकत्र डावीकडे वळवा, वजन उजव्या पायावर आणा. मग आधी कंबर नेटकडे वळते, हात मागून येतात.

चेंडू पुढच्या, म्हणजे उजव्या कमरेच्या थोडा पुढे, कमरेच्या उंचीवर गाठा. फटके सारखे डावीकडे बाहेर जात असतील तर बहुधा उशीर होतोय. मोबाइलवर बाजूने स्लो मोशन काढलंत की लगेच दिसेल.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, विशेषतः मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर.