पन्नास कोटी आधी, हिशोब नंतर

तुमच्या कंपनीची किंमत किती, हा प्रश्न एक्सेल उघडण्याआधीच निकालात काढा. समजा, शिरवळजवळ तुमचा गोठवलेल्या पुरणपोळ्यांचा कारखाना उभा राहतोय. गुंतवणूकदाराकडून १० कोटी हवेत आणि त्याला २० टक्क्यांच्या वर हिस्सा द्यायचा नाही. म्हणजे त्याचे पैसे धरून कंपनी ५० कोटींची. झालं, व्हॅल्युएशन संपलं. आता राहिलं ते प्लॅनमध्ये डीसीएफचं पान घालणं, म्हणजे भविष्यातली रोकड आजच्या किमतीत आणून दाखवणं. ते काय, एका दुपारचं काम आहे.

पहिल्या पाच वर्षांची रोकड मात्र सचोटीने मांडा. पहिल्या वर्षी ३ कोटी खिशातून जातील, दुसऱ्या वर्षी १ कोटी. तिसऱ्या वर्षी १ कोटी हातात येईल, चौथ्या वर्षी ३, पाचव्या वर्षी ५. डाळीचा भाव, तुपाचा भाव, उणे १८ अंशांच्या कोठाराचं वीजबिल, सगळं खरं लिहा. गुंतवणूकदार याच पानांवर तासभर घासाघीस करतो, डाळ १० रुपयांनी महागली तर काय असं विचारतो, आणि तुम्ही शांतपणे उत्तरं देता. तुमच्याबद्दल त्याचं मत चांगलं होतं. या पाच वर्षांची आजची किंमत १२ टक्के दराने जेमतेम २ कोटी भरते, त्यामुळे इथे सचोटी परवडते.

उरलेले ५० कोटी सहाव्या वर्षापासून प्रलयापर्यंतच्या काळातून येणार आहेत. त्या काळाला टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात आणि तो एका ओळीत मावतो:

```
=FCF_5*(1+g)/(WACC-g)
```

पाचव्या वर्षाची रोकड, तिच्यावर कायमची वाढ, आणि खाली डिस्काउंट रेटमधून, म्हणजे रोकड आजच्या किमतीत आणणाऱ्या WACC या दरातून, ती वाढ वजा. सगळी जादू छेदातल्या त्या वजाबाकीत आहे. १८ टक्के दर आणि ४ टक्के वाढ घेतलीत, तर छेदात १४ येतात, टर्मिनल व्हॅल्यू ३७ कोटी होते, पाच वर्षं मागे आणली की १६ कोटी, आणि कंपनी एकूण १७ कोटींची. हा आकडा घरी कोणाला सांगू नका. १२ टक्के दर आणि ६ टक्के वाढ घेतलीत, तर छेद ६ वर येतो, टर्मिनल व्हॅल्यू ८८ कोटी, आजच्या किमतीत ५०, आणि पाच वर्षांचे २ मिळवून कंपनी ५२ कोटींची. पुरणपोळी तीच, गिऱ्हाईक तेच, कारखानाही अजून तेवढाच अर्धवट. आणखी उत्साह दाखवून वाढ १२ टक्के केलीत तर एक्सेलच्या चौकटीत `#DIV/0!` उमटेल. तिथे थांबा, अनंत किंमत मागायला अजून बाजार तयार नाही.

तेव्हा १२ आणि ६ हे दोन आकडे पक्के. आता त्यांना सभ्य घराण्यातलं दाखवायचं.

१२ चं सोपं आहे. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ७ टक्के धरा, शेअर बाजारात जोखीम घेतल्याबद्दल मिळणारे जादा ७ टक्के धरा, आणि या दुसऱ्या ७ ला बीटाने गुणा. बीटा म्हणजे बाजार हलला की तुमचा शेअर किती हलतो ते. तुमचा शेअर बाजारात नाहीच, तेव्हा तो कोणाचा तरी उसना आणावा लागतो. साबण-बिस्किटं विकणाऱ्या देशव्यापी बड्या कंपन्यांचा आणा. त्यांचा बीटा १ च्या खाली असतो, कारण मंदीतही लोक अंघोळ करतात. ०.७ घेतला की ७ अधिक ४.९, म्हणजे ११.९. पूर्णांक केला की १२. कर्जाचा भाग मिसळला तर आकडा आणखी खाली येतो, पण हाव नको.

कोणी म्हणेल की त्या कंपन्यांची लाखो दुकानं आहेत, तुमचा एक कारखाना आणि दोन वितरक. एक मोठा वितरक सुटला किंवा एका रात्री कोठाराची वीज गेली, तर या जोखमीला बीटामध्ये जागाच नाही. बरोबर आहे, नाहीच. म्हणून तर बीटा वापरायचा. छोट्या कंपनीची जोखीम, शेअर विकायला गिऱ्हाईक न मिळण्याची जोखीम, मालक आजारी पडला तर कारखाना कोण चालवणार ही जोखीम, असे जादा टक्के मिळवणारे लोक असतात. त्यांचा दर १८-२० च्या घरात जातो आणि मग ते १७ कोटींच्या कंपनीचे मालक होतात.

एक कागद मात्र कपाटात ठेवा: बँकेचं मंजुरीपत्र. समजा, खेळत्या भांडवलाचं कर्ज तुम्हाला साडेबारा टक्क्यांनी मिळालंय. त्यासाठी मशिनरी तारण आहे, वडिलांच्या नावची जमीन तारण आहे, वर तुमची वैयक्तिक हमी आहे. कंपनी बुडाली तर पहिला पैसा बँकेचा. या सगळ्यावर बँकेला साडेबारा हवेत, आणि ज्याच्याकडे तारण नाही, हमी नाही, बुडताना ज्याचा नंबर शेवटचा, तो भागधारक म्हणे ११.९ वर खूश. हे दोन आकडे एकाच पानावर आले तर दहावीतल्या मुलालाही शंका येईल. ते एका पानावर येऊ देऊ नका.

६ टक्के वाढीसाठी देशभक्ती कामाला येते. महागाईचं रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, त्यावर खरी वाढ फक्त २, आणि देश तर याहून वेगाने वाढतोय. बघा किती संयम! मूल्यांकन शिकवणारे प्राध्यापक अश्वथ दामोदरन सांगतात की कायमच्या वाढीचा दर सरकारी रोख्याच्या व्याजदराच्या वर जाऊ नये. आपण ७ च्या खाली आहोत, म्हणजे नियमही पाळला. ती मर्यादा म्हणजे छप्पर आहे, तिथवर पोचलंच पाहिजे असं नाही, हे वाक्य वाचायचं राहून गेलं तर कोणी विचारत नाही.

खरं कसब मात्र पाचव्या वर्षाच्या ५ कोटींत आहे, आणि नवशिके तिकडे बघतच नाहीत. त्या वर्षी कर भरून झालेला नफा ५ कोटी आहे. घसारा १ कोटी २० लाख, नवी मशिनरी १ कोटी २० लाख, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उधारी आणि साठ्यात वाढ शून्य. म्हणून सगळा नफा रोकड झाला. एका वर्षापुरतं हे चालेलही. पण सूत्राला तुम्ही हेच वर्ष अनंतकाळाचा नमुना म्हणून देताय. ६ टक्के दराने धंदा साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो, साठ वर्षांत जवळपास तेहतीसपट. आणि हे सगळं पाचव्या वर्षी घेतलेल्या दोन ब्लास्ट फ्रीझरवर, वितरकाला एक रुपयाचीही जादा उधारी न देता. यातली बरीचशी वाढ महागाईची आहे, असं म्हणून सुटता येत नाही, कारण नवा फ्रीझरही जुन्या भावात मिळत नाही.

खडूस माणूस इथे साधा हिशोब करतो. धंद्यात घातलेल्या भांडवलावर १५ टक्के मिळतात असं धरलं, तर ६ टक्के वाढण्यासाठी नफ्यातला ६ भागिले १५, म्हणजे ४० टक्के हिस्सा दरवर्षी परत धंद्यात घालावा लागतो. सहाव्या वर्षाचा नफा ५ कोटी ३० लाख, त्यातले २ कोटी १२ लाख फ्रीझर, गाड्या आणि उधारीत जाणार, हातात उरणार ३ कोटी १८ लाख. दर तोच १२, वाढ तीच ६, पण टर्मिनल व्हॅल्यू ८८ वरून ५३ वर येते आणि कंपनी ५२ ऐवजी ३२ कोटींची होते. एकाही टक्क्याला हात न लावता २० कोटी गेले. म्हणून प्लॅनमध्ये घसारा आणि मशिनरी या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवू नका. मध्ये जाहिरातखर्चाचा एखादा रंगीत आलेख टाका.

आता सेन्सिटिव्हिटी टेबल. हा तक्ता हवाच, त्याशिवाय पारदर्शकता दिसत नाही. आडव्या बाजूला वाढ, उभ्या बाजूला दर, पावलं मात्र पाव टक्क्याची. दर पावणेबारा ते सव्वाबारा, वाढ पावणेसहा ते सव्वासहा. मग सगळ्यात वाईट कोपऱ्यात साडेसत्तेचाळीस कोटी येतात, सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात साडेसत्तावन्न, आणि मधोमध तुमचे ५२ पिवळ्या रंगात. बघणाऱ्याला वाटतं, काहीही झालं तरी किंमत पन्नासच्या आसपासच राहते. पावलं दोन-दोन टक्क्यांची घेतली असती, तर त्याच तक्त्यात साडेअठ्ठावीस कोटींनीही तोंड दाखवलं असतं.

शेवटी हे सगळं प्रमाणपत्रात बसवून घ्या. मूल्यांकनकार सही करतो आणि वर लिहितो की आकडे व्यवस्थापनाने पुरवले, आम्ही ते स्वतंत्रपणे तपासलेले नाहीत. तुम्ही म्हणायचं, मूल्यांकनकारांनी काढलंय. मूल्यांकनकारांनी म्हणायचं, व्यवस्थापनाने दिलंय. मध्ये गुंतवणूकदार. (पूर्वी या कागदाला आणखी एक उपयोग होता. रास्त किमतीपेक्षा जादा भावाने शेअर विकला तर वरचा पैसा कंपनीचं उत्पन्न समजून त्यावर कर लागायचा, त्यामुळे रास्त किंमत आधीच फुगवून ठेवणं सोयीचं असे. तो एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. फुगवायची सवय मात्र अंगवळणी पडली ती पडलीच.)

एखाद वर्षाने तुमचा २५ टक्क्यांचा भागीदार म्हणेल, मला बाहेर पडायचंय, माझा हिस्सा विकत घे. आता त्याच फाइलची प्रत काढा. पहिली पाच वर्षं तशीच राहू द्या, त्याने स्वतःच ती लिहिलीत. फक्त बीटाबद्दलचं तुमचं मत बदलू द्या. छोटी कंपनी, दोनच वितरक, कोठाराची वीज, सगळं आठवा आणि दर २० करा. वाढीबाबतही सावध व्हा, ३ पुरे. टर्मिनल व्हॅल्यू ३० कोटी, आजच्या किमतीत १२, कंपनी एकूण १३ कोटींची. कर्ज बाजूला ठेवलं तरी त्याचा पाव हिस्सा सव्वातीन कोटी. गुंतवणूकदाराला दाखवलेल्या कागदावर हाच पाव हिस्सा १३ कोटींचा होता, म्हणजे तिथे त्याचा वाटा जेवढा, तेवढी इथे तुमची अख्खी कंपनी. भागीदाराने तो जुना कागद काढून समोर ठेवला, तर त्या वेळी बाजारातला मूड वेगळा होता असं सांगा. आणि दोन्ही फाइली एकाच मेलला जोडल्या जाणार नाहीत, एवढं पाठवण्याआधी बघून घ्या.