काळा आणि पांढरा टी-शर्ट एकाच वर्णनात बसत नाही

प्रिंट-ऑन-डिमांड टी-शर्ट विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना, दोघांनाही उद्देशून लिहितोय. रंगांच्या यादीत पांढरा, काळा आणि ग्रे मेलांज असे तीन पर्याय असतील आणि खाली वर्णन एकच असेल, तर ते वर्णन तिन्हींना खरं लागू पडत नाही. डिझाइन तेच असलं तरी छापण्याची पद्धत, धुण्यात होणारा परिणाम आणि कधीकधी कापडसुद्धा रंगागणिक बदलतं. मी या छपाईच्या कामात आहे आणि हे वर्णन नीट लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण या धंद्यात माल आधी तयारच नसतो. ऑर्डर आली की एक नग छापायचा आणि पाठवायचा. विकणाऱ्याने तो नग हातात घेतलेला नसतो आणि घेणाऱ्यानेही नाही. दोघांच्या मध्ये असतात ती फक्त वर्णनाची चार-पाच वाक्यं.

ती वाक्यं बहुतेक ठिकाणी अशी असतात: "डीटीजी प्रिंट. १०० टक्के कॉटन, १८० जीएसएम. ५० धुण्यांनंतरही रंग जसाच्या तसा. साइज चार्ट पाहा." हेच वर्णन घेऊन बोलू.

डीटीजी म्हणजे कापडावर थेट शाईचे थेंब सोडणारं मशीन. शाई पाण्यात कालवलेल्या पिगमेंटची. पांढऱ्या टी-शर्टवर रंग सरळ कापडावर पडतात, पांढऱ्या शाईची गरजच नसते. छापलेल्या भागावरून हात फिरवला तर कापडच लागतं, थर असा जाणवत नाही.

काळ्यावर गोष्ट वेगळी. या शाया पारदर्शक असतात, त्यामुळे काळ्या कापडावर लाल टाकला तर लाल दिसणारच नाही. आधी खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, त्याला आम्ही अंडरबेस म्हणतो. हा पांढरा थर कापडात मुरून गेला तर काही उपयोग नाही, तो वर बसला पाहिजे. म्हणून छापण्याआधी टी-शर्टवर प्रीट्रीटमेंटचं द्रावण फवारतात. त्यात क्षार असतात आणि त्यांच्याशी गाठ पडली की शाई लगेच घट्ट होते. द्रावण हीट प्रेसने वाळवायचं, मग पांढरा थर, मग रंग, आणि शेवटी साधारण १६० अंश सेल्सिअसला क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने शाई पक्की करणं, शाई बनवणाऱ्याने सांगितलेल्या वेळेइतकं. म्हणजे पांढऱ्यापेक्षा काळ्याला पायऱ्या जास्त, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडायला वाव.

नवा काळा टी-शर्ट पाकिटातून काढला की कधीकधी प्रिंटभोवती फिकट चौकोन दिसतो आणि किंचित आंबूस वास येतो. तो प्रीट्रीटमेंटचा. सहसा पहिल्या धुण्यात दोन्ही जातात. वर्णनात हे एक वाक्य नसतं म्हणून किती लोक टी-शर्ट डागाळलेला आला असं समजून परत पाठवतात! पांढऱ्याच्या वर्णनात या वाक्याची गरज नाही, काळ्याच्या वर्णनात ते हवंच.

आता "५० धुण्यांनंतरही". मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य हे. कोणती धुणी? हाताने की मशीनमध्ये, गार पाण्यात की गरम, दोरीवर वाळवून की ड्रायरमध्ये? आणि रंग टिकला हे ठरवलं कशावरून? प्रयोगशाळेत यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत. एएटीसीसी ६१ ही त्यातली एक. तिच्या एका नेहमीच्या प्रकारात कापडाचा तुकडा साबणाच्या पाण्यात ५० छोट्या स्टीलच्या गोळ्यांसोबत ४५ मिनिटं फिरवतात. रंग जाण्याच्या हिशेबाने ते घरच्या साधारण पाच धुण्यांइतकं धरतात. नंतर तुकडा करड्या पट्टीशी ताडून १ ते ५ मध्ये दर्जा देतात. त्यातून रंग किती उतरला ते कळतं. पण प्रिंटला भेगा पडतील का, वर लव येईल का, हे त्या दर्ज्यातून कळत नाही. आणि घेणाऱ्याच्या बहुतेक तक्रारी नेमक्या त्याच असतात.

धुतल्यावर प्रिंट फिकी दिसते तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण कच्चं क्युअरिंग. शाई वरून वाळली, पण रंगाला कापडाशी धरून ठेवणारा तिच्यातला बाइंडर पूर्ण पक्का झाला नाही. हे पहिल्या दोन-तीन धुण्यांतच उघडं पडतं. ओळखायला सोपं आहे: पांढरं फडकं ओलं करून प्रिंटवर दहा-बारा वेळा दाबून घासा. फडक्यावर चांगलाच रंग उतरला तर प्रिंट कच्ची आहे. हा सरळ छपाईचा दोष, टी-शर्ट बदलून द्यायलाच हवा.

दुसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. बऱ्याच धुण्यांनंतर काळ्या टी-शर्टवरची प्रिंट धुरकट दिसायला लागते, जणू वर धूळ बसली आहे. शाई तिथेच असते. घासून घासून सुताचे बारीक तंतू सुटतात आणि प्रिंटच्या थरातून वर येतात, आणि आपल्याला ते काळे तंतू दिसतात. बोट ओलं करून तिथे हलकेच फिरवा. तंतू बसले आणि रंग पुन्हा गडद दिसला, तर समजायचं की शाई गेलेली नाही, लव आली आहे. टी-शर्ट उलटा करून धुतला आणि ड्रायर टाळला की हे बरंच लांबतं. पांढऱ्या टी-शर्टवर वर येणारे तंतू पांढरे असतात, त्यामुळे तिथे प्रिंट नुसती थोडी फिकट वाटते. दोघांचं म्हातारपण वेगळं दिसतं, आणि वर्णनात मात्र दोघांना एकच "५० धुणी".

कापडाचा संबंध इथेच येतो. "कॉम्ब्ड" आणि "बायोवॉश" हे शब्द लोक भरतीसारखे टाकतात, पण प्रिंट किती टिकेल हे ठरवणारे शब्द खरं तर हेच आहेत. कॉम्ब्ड सुतात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, आणि बायोवॉशमध्ये एन्झाइमने कापडावरची लव खाऊन टाकलेली असते. मुळात लव कमी, म्हणून ती वर येणंही कमी. जीएसएमचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापायची, ती १.८ ग्रॅम भरली तर १८० जीएसएम. जाड सूत सैल विणूनही १८० होतात आणि बारीक सूत घट्ट विणूनही. घट्ट विणलेल्याचा पृष्ठभाग सपाट असतो, पांढरा थर त्यावर एकसारखा बसतो. सैलावर तोच थर टाक्यांच्या खाचांत उतरतो. म्हणून नुसता "१८०" वाचून प्रिंट चांगली येईल असं धरून चालू नका.

ग्रे मेलांजबद्दल थोडक्यात: त्याचा तो मिसळलेला करडा रंग बहुधा कापसात पॉलिस्टर किंवा व्हिस्कोज मिसळून आलेला असतो. त्यामुळे वर "१०० टक्के कॉटन" लिहिलं असेल तर ते या रंगापुरतं बहुतेक वेळा खोटं ठरतं. डीटीजीची नेहमीची शाई कापसासाठी बनवलेली असते, पॉलिस्टरचं प्रमाण वाढलं की तिची पकड कमी होते. विकणाऱ्याने पुरवठादाराच्या कॅटलॉगमधली त्या रंगाची ओळ उघडून बघावी, तिथे टक्केवारी दिलेली असते.

आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी ऑर्डर ज्या छपाईघराकडे जाते तिथली सोय बघून डीटीजीऐवजी डीटीएफ होतं. डीटीएफमध्ये डिझाइन फिल्मवर छापतात, मागे चिकट पावडर वितळवतात आणि हीट प्रेसने कापडावर उतरवतात. रंग ठसठशीत येतात, कोणत्याही कापडावर येतात, धुण्यात टिकतातही. पण तो थर असतो, त्यातून हवा जात नाही, आणि पहिल्या धुण्यात कापड आटलं की थर आटत नाही, म्हणून मोठ्या प्रिंटच्या कडेने कापड चुणतं. पद्धत वाईट नाही, पण डीटीजी लिहून डीटीएफ पाठवणं वाईट आहे. ही दोन वेगळी उत्पादनं आहेत.

राहिला साइज चार्ट. त्यात सगळ्यात आधी हे लिहिलेलं असावं की माप टी-शर्टचं आहे की अंगाचं. टी-शर्ट सपाट पसरून काखेच्या एक इंच खाली आडवं मोजलं आणि २० इंच आलं, तर घेर ४०. एका पानावर "छाती २०" आणि दुसऱ्यावर "छाती ४०" असेल तर दोन्ही एकच टी-शर्ट असू शकतो. पण "छाती ४०" हे अंगाचं माप असेल, तर टी-शर्ट त्याहून मोठा असणार.

एक हिशेब करून बघू. चार्टमध्ये एमची सपाट छाती २० इंच, एलची २१, उंची एमची २८. शिवणीत अर्धा इंच इकडे-तिकडे चालतं असं गृहीत असतं. म्हणजे एम २०.५ भरू शकतो आणि एलसुद्धा २०.५. दोन्ही चार्टप्रमाणे बरोबर! त्यात सुती होजिअरी पहिल्या धुण्यांत उंचीला ५ टक्के आटली तर २८ चे २६.६ होतात. जवळजवळ दीड इंच. उंच माणसासाठी हा फरक टी-शर्ट घालायचा की नाही हे ठरवणारा आहे, आणि चार्टमध्ये तो कुठेच नसतो.

प्रिंटची रुंदीही चार्टमध्ये हवी. बहुतेक ठिकाणी सगळ्या साइजना एकच फाइल जाते. १२ इंच रुंद डिझाइन १८ इंच छातीच्या लहान साइजवर दोन तृतीयांश भाग व्यापतं आणि २६ इंच छातीच्या मोठ्या साइजवर निम्मासुद्धा नाही. फोटोतला मॉकअप मात्र एकाच साइजचा.

विकणाऱ्यांनी काय करावं? प्रत्येक रंगाचे दोन नमुने मागवावेत. एक न धुता ठेवावा, दुसरा दहा वेळा धुवावा, आणि दोन्ही एकाच उजेडात शेजारी ठेवून फोटो काढावा. मग काळ्यासाठी असं काहीतरी लिहिता येईल:

"काळा: डीटीजी, खाली पांढरा थर आहे, त्यामुळे प्रिंट हाताला जाणवेल. नव्यावर फिकट चौकोन किंवा वास असल्यास तो पहिल्या धुण्यात जातो. कॉम्ब्ड कॉटन, बायोवॉश, १८० जीएसएम. उलटा करून गार पाण्यात धुवा, दोरीवर वाळवा, प्रिंटवर इस्त्री नको. दहा धुण्यांनंतरचा फोटो सोबत आहे. मापं टी-शर्ट सपाट ठेवून घेतलेली, अर्धा इंच कमी-जास्त. धुण्याआधी एमची उंची २८ इंच, आमच्या नमुन्यात दहा धुण्यांनंतर २७. प्रिंट सर्व साइजवर १२ इंच रुंद."

एवढं कोण वाचणार, असं विकणारे मला विचारतात. ज्याला टी-शर्ट ठेवायचा आहे तो वाचतो. आणि रंग निवडल्यावर त्याच रंगाचा मजकूर दिसावा अशी सोय तुमच्या पानावर नसेल, तर काळा आणि ग्रे मेलांज यांची वेगळी पानं करा.