‘संकल्पना ओळखा’ हा प्रश्न कसा काढावा

मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत चार ओळींचा प्रसंग देऊन खाली ‘संकल्पना ओळखा’ असे लिहिण्याचा मान ज्यांच्याकडे नव्याने आला आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल येथे देत आहे. या कलेतील उत्कृष्ट नमुना गेल्या आठवड्यातच माझ्या घरी आला. बारावीत शिकणाऱ्या भाचीने सराव परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि ‘मामा, यात माझे काय चुकले?’ असे विचारले. पंचवीस वर्षे हाच विषय शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. यावरून प्रश्न किती उच्च दर्जाचा होता, याची आपणांस कल्पना यावी.

प्रथम, पात्राचे नाव रमेश ठेवावे.

दुसरे, प्रसंगात घंटा वाजली की उत्तर पावलॉव्ह, हा नियम कटाक्षाने पाळावा. शाळेची घंटा वाजताच मुले दप्तर उचलून पळतात, असे लिहावे आणि उत्तरसूचीत ‘अभिजात अभिसंधान’ छापावे. पावलॉव्ह यांच्या कुत्र्याला लाळ सुटत होती आणि लाळ सुटणे ही कुत्र्याच्या इच्छेवर चालणारी गोष्ट नव्हती, हे विसरून जावे. दप्तर उचलणे ही मुलांची ऐच्छिक कृती आहे, ती केल्याने घरी जायला मिळते आणि घंटा ही फक्त ‘आता निघाल्यास फळ मिळेल’ एवढेच सांगणारी खूण आहे, म्हणून हे साधक अभिसंधान ठरते, असे एखादा विद्यार्थी लिहील. त्याला शून्य द्यावे. डब्याच्या सुट्टीची घंटा ऐकून त्याच मुलांच्या तोंडाला पाणी सुटले असते तर गोष्ट वेगळी होती. परंतु घंटा दोन्हीकडे तीच असल्यामुळे आपण इतक्या खोलात जाण्याचे कारण नाही.

तिसरे, स्मृतीवरील प्रश्नात पात्र नेमके काय विसरले, हे लपवावे. ‘रमेशने एटीएमचा पिन बदलला. आता यंत्रासमोर त्याचा गोंधळ होतो,’ एवढ्यावर थांबावे. जुना पिन मध्ये येऊन नवा आठवू देत नसेल तर तो अग्रलक्षी व्यत्यय, आणि नवा पाठ झाल्यामुळे जुना पुसट झाला असेल तर तो पूर्वलक्षी व्यत्यय. कोणता पिन हरवला हे सांगितल्याशिवाय या दोहोंत निवड करता येत नाही, आणि तीच तर खरी गंमत आहे. त्यातच ‘पूर्वलक्षी’ या शब्दातील ‘पूर्व’ पाहून निम्मी मुले ‘आधीच्या शिक्षणाने केलेला व्यत्यय’ असा नेमका उलटा अर्थ घेतात. त्यांना वर्गात कोणी सावध केलेले नसतेच.

चौथे, बोधनिक पूर्वग्रहासाठी सामना संपल्यावर ‘मला ठाऊकच होते’ म्हणणारा काका पुरेसा आहे. सामन्याआधी काका काय म्हणाले होते आणि त्यांना ते आता कसे आठवते, हे मात्र लिहू नये, अन्यथा हा पश्चदृष्टी पूर्वग्रह आहे की काकांचा अंदाज खरोखरच बरोबर ठरला होता, हे मुलांना ठरवता येईल.

आता मुख्य कौशल्याकडे वळू. भाचीच्या प्रश्नपत्रिकेतील प्रसंग असा होता: ‘बाजारात रमेश रडू लागतो. आई त्याला चॉकलेट देते. रमेश गप्प होतो. पुढच्या वेळी रमेशचा चेहरा रडवेला होताच आई पिशवीतून चॉकलेट काढते. संकल्पना ओळखा.’ भाचीने ‘ऋण प्रबलन’ असे लिहिले. उत्तरसूचीत ‘धन प्रबलन’ होते. दोन गुण गेले.

यातील कसब पाहावे. प्रसंगात माणसे दोन आहेत आणि वर्तनेही दोन आहेत. रमेश रडतो, त्याला चॉकलेट मिळते. काहीतरी हवेसे मिळाले आणि त्यामुळे रडणे वाढले, तर ते रमेशच्या बाजूने धन प्रबलन. आई चॉकलेट देते, कानठळ्या बसवणारे रडणे थांबते. काहीतरी नकोसे दूर झाले आणि त्यामुळे चॉकलेट देणे वाढले, तर ते आईच्या बाजूने ऋण प्रबलन. कोणाच्या कोणत्या वर्तनाविषयी विचारले आहे, हे न लिहिल्यास दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. परंतु येथे तर तेवढीही सवलत नाही, कारण वर्तन वाढल्याशिवाय प्रबलन झाले असे म्हणताच येत नाही, आणि रमेशचे रडणे वाढले असे या प्रसंगात कोठेही लिहिलेले नाही. वाढलेले दिसते ते आईचे वर्तन! शेवटचे वाक्य आईचेच आहे! म्हणजे स्वतः लिहिलेला प्रसंग शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट ज्याने घेतले नाहीत, त्याने तो वाचणाऱ्या मुलीचे गुण कापले.

भाची विचारायला गेली, तेव्हा तिला उत्तर मिळाले की ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, आणि आईने येथे कोणाला मारलेले नाही.

शिक्षा! शिक्षेने वर्तन कमी होते, प्रबलनाने वाढते, मग ते धन असो वा ऋण. येथे ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, तर काढून घेतलेले. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंगटुंग वाजत राहते आणि पट्टा लावला की थांबते. पट्टा लावण्याचे वर्तन आवाज थांबल्यामुळे वाढते, म्हणून ते ऋण प्रबलन. त्याच गाडीत ‘पट्ट्याविना गाडी चालवणे’ हे वर्तन धरले, तर आवाज सुरू होऊन ते कमी होते, म्हणून ती शिक्षा. आधी वर्तन ठरवायचे, मग ते वाढले की कमी झाले ते पाहायचे, आणि शेवटी काही दिले गेले की काढले गेले ते तपासायचे. तीन पायऱ्या आहेत, तीनशे नाहीत. हा गोंधळ जुना आहे, हे मी मान्य करतो. खुद्द स्किनर यांनी 1938 साली ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा शिक्षेच्याच अर्थाने वापरली होती. परंतु 1953 पर्यंत त्यांनी तो अर्थ बदलला होता. त्यांनी बदलला, तुम्ही बदलला नाही.

आता उपरोध पुरे. तुम्ही पुस्तक उघडत नाही, मागच्या वर्षीचा प्रश्न उचलता, त्यात नाव बदलता, आणि उत्तरसूची डोळे झाकून पुढे पाठवता. चार ओळींच्या प्रसंगाखाली ‘आईच्या वर्तनासंदर्भात संकल्पना ओळखा’ असे एक वाक्य लिहायला किती शाई लागते? आणि ते लिहायचे नसेल, तर ‘उत्तराचे कारण एका वाक्यात द्या’ म्हणून एक गुण कारणाला ठेवा, म्हणजे कोणते वर्तन धरले ते विद्यार्थीच सांगेल आणि तुम्हाला तपासता येईल. भाचीने तर न विचारता कारण लिहिले होते: ‘रडणे थांबल्यामुळे आई पुन्हा चॉकलेट देते.’ त्या वाक्यावरच लाल रेघ मारलेली आहे. मी उत्तरपत्रिका जपून ठेवली आहे. प्रसंग पुन्हा वाचा, उत्तरसूची दुरुस्त करा, आणि ज्या ज्या मुलांनी ‘ऋण प्रबलन’ लिहिले त्या सर्वांचे दोन गुण परत द्या.