दर टिकला स्टॉप सरकवण्याचा हट्ट

“भाऊ, ट्रेलिंग स्टॉप दर टिकला वर सरकवत राहा. जितक्या जास्त वेळा अपडेट, तितका नफा पक्का. कॅंडल बंद व्हायची वाट पाहणारे हातचं घालवतात.”

नागपुरातल्या आमच्या ट्रेडिंगच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. नव्या पोरांचं त्यात नुकसान होतं, म्हणून लिहितोय. ट्रेलिंग स्टॉप म्हणजे भाव वर गेला की त्यामागे ठरावीक अंतर ठेवून वर सरकवायची विक्रीची ऑर्डर, टिक म्हणजे भावातला प्रत्येक बदल आणि कॅंडल म्हणजे ठरावीक वेळेतल्या भावाची चार्टवरची एक पट्टी.

पहिली गल्लत दोन कामं एक समजण्याची आहे. स्टॉप लागला का, यावर एक्सचेंज प्रत्येक सौद्याला नजर ठेवतंच. एकदा ऑर्डर टाकली की ती तिथे बसून असते. आपण ठरवतो ते एवढंच, की स्टॉप वर कधी उचलायचा.

आता उदाहरण घेऊ. खरेदी ५०० ला, अंतर ६ रुपये, ५ मिनिटांच्या कॅंडल. पहिली कॅंडल ५०४ पर्यंत जाऊन ५०३ ला बंद झाली. दुसरी ५११ ला टेकली, ५०४.८० पर्यंत खाली आली आणि ५०९ ला बंद झाली. दर टिकवाल्याचा स्टॉप ५११ वजा ६, म्हणजे ५०५ ला पोचला होता. तो लागला, नफा ५. बंद भावावर सरकवणाऱ्याचा स्टॉप तेव्हा ४९७ वरच होता, म्हणून तो सौद्यात राहिला. तिसरी कॅंडल ५१६ ला बंद झाल्यावर त्याचा स्टॉप ५१० झाला आणि चौथीत तिथेच लागला. नफा १०. अंतर दोघांचं सारखंच, पण एकाचं कॅंडलच्या वरच्या टोकापासून मोजलेलं, दुसऱ्याचं बंद भावापासून. दर टिकला सरकवायचंच असेल, तर अंतर त्या चढउताराला पुरेल इतकं मोठं हवं.

मेसेजमध्ये तथ्य आहे तेही सांगतो. दुसऱ्याच कॅंडलमध्ये भाव ५११ वरून थेट ४९५ ला कोसळला असता, तर दर टिकवाला ५०५ ला सुटला असता आणि दुसरा ४९७ ला, ३ रुपये तोट्यात. ही उशिराची किंमत खरी आहे.

मधला मार्ग पायरीचा. हिशेब दर टिकला करा, पण ऑर्डर बदला ती पायरी पूर्ण झाल्यावरच:

```
new = max(stop, high - dist)
if new - stop >= step:
    stop = new
```

पायरी १ रुपयाची ठेवली, तर स्टॉप फार तर रुपयाभर मागे राहतो आणि ब्रोकरकडे शेकडो बदल पाठवावे लागत नाहीत. एका ऑर्डरमधल्या बदलांवर ब्रोकरची मर्यादा असली, तर बदल नाकारला जातो, स्टॉप जुन्याच जागी राहतो आणि स्क्रीनवरचा आकडा मात्र पुढे गेलेला दिसतो.

“बॅकटेस्टमध्ये सिद्ध झालंय,” असंही सोबत येतं, म्हणजे जुन्या भावांवर चाचणी घेऊन. कॅंडलच्या फाइलमध्ये उच्चांक आणि नीचांक असतात, पण आधी कोणता आला ते नसतं. वरच्या तिसऱ्या कॅंडलचे आकडे बघा: नीचांक ५०८, उच्चांक ५१७. दर टिकवाला तोवर सौद्यात असता, तर उच्चांक आधी मानल्यावर त्याचा ५११ चा स्टॉप लागतो, नीचांक आधी मानला तर लागत नाही. कोड यातलं काहीतरी गुपचूप धरून चालतो. म्हणून प्रत्येक कॅंडलचा नीचांक मागच्या कॅंडलअखेरच्या स्टॉपशी ताडून तीच चाचणी पुन्हा चालवा. निकाल फार बदलला, तर आधीचा नफा त्या गृहीतकातून आलेला होता.