"कलम 8 नुसार देता येत नाही" हे उत्तर नाही, आणि हे मी माहिती अधिकारी म्हणून काम केलेला माणूस म्हणून सांगतोय

परवा एका ओळखीच्या ताईंनी त्यांना आलेलं माहिती अधिकाराचं उत्तर व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तीन ओळी. "आपण मागितलेली माहिती माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 8 नुसार देय नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." खाली सही, सहीखाली नुसता शिक्का, नाव नाही. अपील कुठे करायचं, किती दिवसांत करायचं, काहीच नाही. ताई विचारत होत्या की आता पुढे काय. मला ते वाचून रागही आला आणि वाईटही वाटलं, कारण नगरपरिषदेत मी पाच वर्षं जन माहिती अधिकारी होतो आणि पहिल्या वर्षी मी पण अगदी असंच एक पत्र लिहिलं होतं. ते अपिलात गेलं तेव्हा मुख्याधिकारी साहेबांनी (आमच्याकडे अपिलीय अधिकारी तेच होते) अर्जदारासमोर मला एकच विचारलं, "कलम 8 म्हणजे कुठलं? त्यात दहा खंड आहेत." मला सांगता आलं नाही. अर्जदार बिचारा गप्प बसून होता, कारण त्याला तरी काय बोलणार, नकार कशासाठी आहे तेच माहीत नसताना त्याच्या विरुद्ध युक्तिवाद कसा करायचा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. नकार द्यायला कायद्याची ना नाही, पण तो असा लिहिला पाहिजे की समोरच्याला त्याच्यावर अपील करता आलं पाहिजे. आणि हे माझ्या मनाचं नाही, कलम 7(8) मध्ये सरळ लिहिलंय की अर्ज फेटाळताना तीन गोष्टी कळवायच्या, नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. त्या तीन ओळींच्या पत्रात यातलं एकही नव्हतं.

बरं, खंड लिहिला तरी मराठीत एक घोळ होतोच आणि तो मी कितीतरी पत्रांत पाहिलाय. इंग्रजी कायद्यात खंड ए पासून जे पर्यंत आहेत, मराठीत तेच क, ख, ग करत ञ पर्यंत जातात. म्हणजे इंग्रजीतला एच हा मराठीत (ज) होतो, आणि इंग्रजीतला जे हा मराठीत (ञ). आता कारकून इंग्रजी पुस्तकातून बघून "8(1)(ज)" टाइप करतो, त्याच्या डोक्यात असतो जे म्हणजे वैयक्तिक माहिती, पण कागदावर उमटतो तपासाला अडथळा. अर्जदार अपिलात तपासावर भांडतो आणि कार्यालय सुनावणीत वैयक्तिक माहितीवर बोलतं, दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवर. म्हणून मी नेहमी खंडाच्या अक्षरासोबत त्यातला विषय शब्दांत लिहायचो, "कलम 8(1)(ज), म्हणजे तपासाच्या प्रक्रियेत अडथळा". चार शब्द जास्त जातात पण घोळ राहत नाही.

एक केस सविस्तर सांगतो, गावाचं नाव सोडून. आमच्याकडे एका कॉंक्रीट रस्त्याच्या बिलावरून तक्रार झाली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. एका निवृत्त गुरुजींनी अर्ज केला, त्यात मागितलं होतं कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, ठेकेदाराने बिलासोबत जोडलेलं मजुरांचं पगारपत्रक, आणि रस्त्याचे कोअर कुठून कुठून काढणार त्याचा आराखडा. कोअर म्हणजे तयार रस्त्यात यंत्राने गोल तुकडा कापून काढतात, जाडी आणि मजबुती तपासायला. तपासासाठी ते काढायचे होते आणि अजून काढलेले नव्हते.

ऑफिसमध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, "पोलीस केस आहे, सगळंच नाकारा." पण (ज) खंडाचे शब्द बघा, तपास चालू असणं हे कारणच नाहीये, माहिती दिल्याने तपासाला अडथळा येईल हे कारण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग प्रकरणात हेच सांगितलं, की नुसती चौकशी चालू आहे म्हणून नकार देता येत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. मग मी एकेक कागद घेऊन बसलो. मोजमाप पुस्तिका पोलिसांनी पंचनामा करून नेलेली, आमच्याकडे साक्षांकित प्रत. ती गुरुजींना दिली तर मूळ नोंद कोणी बदलू शकणार आहे का? नाही. मग अडथळा कसला? दिली. कार्यादेश तर नाकारण्यासारखा नव्हताच. राहिला कोअरचा आराखडा, त्यात चेनेज लिहिलेले होते, अमुक मीटरवर डावीकडे, तमुक मीटरवर मध्ये. हा कागद बाहेर गेला तर रात्रीत नेमक्या तेवढ्याच जागा उकरून परत भरता येतात, आणि मग कोअर घेऊन काय उपयोग. इथे अडथळा खरा होता, बोट ठेवून दाखवता येत होता. म्हणून पत्रात लिहिलं,

"मुद्दा क्र. 4 : कोअर घेण्याच्या ठिकाणांचा आराखडा कलम 8(1)(ज) (तपासाच्या प्रक्रियेत अडथळा) नुसार सध्या देता येत नाही. कोअर अद्याप काढलेले नाहीत. ठिकाणे आधी उघड झाल्यास त्या ठिकाणी दुरुस्ती करून नमुना बदलणे शक्य होईल. कोअर काढून झाल्यावर हे कारण उरणार नाही व त्यानंतर ही माहिती देता येईल."

यातला "सध्या" आणि शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. (ज) चा नकार कायमचा नसतोच, कारण संपलं की नकार संपला, आणि हे अर्जदाराला आपणच सांगायला पाहिजे, त्याने शोधून काढायचं नसतं.

पगारपत्रकाचं वेगळं होतं. त्यात मजुरांची नावं, मोबाईल, बँक खाते क्रमांक, हजेरी आणि दिलेली रक्कम. पूर्ण कागद नाकारणं सोपं होतं, पण कलम 10 म्हणतं की जो भाग सूट असलेला आहे तेवढा वेगळा काढा आणि बाकीचा द्या. आणि 10(2) प्रमाणे नुसता काळा मार्कर फिरवून भागत नाही, पत्रात सांगावं लागतं की हा अभिलेखाचा फक्त भाग देतोय, का देतोय, निर्णय कोणाचा आहे (नाव आणि पदनाम दोन्ही, नुसता शिक्का नाही) आणि याच्यावर दाद कुठे मागायची. मी खाते क्रमांक, मोबाईल आणि नावं अशा तीन रकान्यांवर पट्टी मारली, (ञ) लिहिलं, हजेरी आणि रक्कम उघडी ठेवली. एकूण 37 पानं झाली, 2 रुपये पानाप्रमाणे 74 रुपये. ते कळवणाऱ्या पत्रात पण हिशोब लिहावा लागतो आणि फी चुकीची वाटली तर दाद कुठे मागायची तेही. ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तर द्यायच्या 30 दिवसांत धरत नाहीत, म्हणून काहीजण मुद्दाम 29व्या दिवशी फीचं पत्र काढतात, मला हे अजिबात पटत नाही. आमचं नवव्या दिवशी गेलं होतं.

आता शेवटचा परिच्छेद, अपिलाचा. "आपण अपील करू शकता" एवढंच लिहिलेली पत्रं मी ढिगाने पाहिलीत, पण कोणाकडे? माझं वाक्य ठरलेलं होतं, "या निर्णयाने समाधान न झाल्यास हे पत्र मिळाल्याच्या दिनांकापासून 30 दिवसांच्या आत कलम 19(1) नुसार प्रथम अपील करता येईल", आणि खाली अपिलीय अधिकाऱ्याचं नाव, पदनाम, पत्ता, फोन, आणि 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो ही माहिती. "मिळाल्याच्या" हा शब्द बघा. पत्रावरची तारीख किंवा जावक नंबरची तारीख नाही, हातात पडल्याची तारीख. टेबलावर आठ दिवस पडून राहिलेलं पत्र असेल तर ते आठ दिवस अर्जदाराचे जाता कामा नयेत, त्यामुळे पाकीट जपून ठेवा, शिक्का कामाला येतो. प्रथम अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, आणि लेखी कारण देऊन जास्तीत जास्त 45 दिवसांत व्हायला हवा, तो आल्यावर किंवा यायला हवा होता तेव्हापासून 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आणि उत्तर आलंच नाही तर तो पण नकारच धरला जातो, 30 दिवस संपले की पहिलं अपील करता येतं, वाट बघत बसू नका.

गुरुजींनी अपील केलं. सहा ओळींचं. आराखड्याबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नाही, कारण पटलं होतं. फक्त एवढंच की सरकारी पैशातून मजुरी कोणाला मिळाली हे लपवलं तर ती माणसं खरंच कामावर होती का हे कसं तपासायचं, म्हणून नावं द्या. साहेबांनी दहा मिनिटांत निर्णय दिला, नावं उघडी, खाते क्रमांक आणि मोबाईल झाकलेले. माझा निर्णय तेवढ्यापुरता चुकला होता, आणि तो चुकलेला नेमका सापडला कारण कुठल्या रकान्यावर कुठला खंड लावलाय ते पत्रात लिहिलेलं होतं. अपिलात सिद्ध करायची जबाबदारीही अर्जदाराची नसते, कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे आम्हाला दाखवावं लागतं.

आज तीच केस आली असती तर मला जास्त काळजी वाटली असती. नोव्हेंबर 2025 पासून डेटा संरक्षण कायद्यामुळे (ञ) खंड बदललाय. आधी त्यात वजन करायला जागा होती, या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खाजगीपणात विनाकारण घुसखोरी होते का, आणि जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही. ते सगळं गेलं, आता नुसतं "वैयक्तिक माहिती". म्हणजे नाव दिसलं की पट्टी, असं कोणीही करू शकतो. पण कलम 8(2) तसंच आहे, सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहिती पण देता येते. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की (ञ) लावणाऱ्या प्रत्येक माहिती अधिकाऱ्याने पत्रात 8(2) चा विचार केला का, आणि हित कमी का वाटलं, हे दोन वाक्यांत लिहिलंच पाहिजे. आणि अर्जदारांनो, पत्रात ती दोन वाक्यं नसतील तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच घ्या, आणि आपलं सार्वजनिक हित गुरुजींसारखं नेमकं लिहा, "भ्रष्टाचार उघड व्हावा" असं मोघम नको.

ताईंना मी हेच सांगितलं. त्यांचं पाकीट सापडलंय, पत्र मिळून 12 दिवस झालेत, 18 हातात आहेत. अपिलाचा पहिला मुद्दा लिहून झालाय: कोणता खंड ते नमूद नाही, कारण नमूद नाही, कलम 7(8) चे पालन नाही.