टिलबर्गची गल्ली, भिवंडीचं गोदाम

"मामा, रोज १,८०० ऑर्डरी, बहुतेक एक-दोन नगांच्या. रॅकवरून माल उचलायला बॅच, झोन की वेव्ह, एकच काय ते सांग. मालक झोनवर अडून बसलेत, मॅनेजर वेव्ह वेव्ह करतोय, आणि मधे मी."

भाचा भिवंडीत क्रीम-शाम्पूचं गोदाम बघतो. मी नेदरलँड्समध्ये टिलबर्गला नऊ वर्षं हेच काम करतोय, म्हणून रविवारी फोन मला. पहिल्यांदा मी त्याला म्हटलं, मालकांनी झोन कुठे बघितलं ते विचार. बघितलं होतं इथेच, युरोपच्या दौऱ्यात. कन्व्हेअरवरून क्रेट सरकतायत, प्रत्येक पिकर, म्हणजे माल उचलणारा, आपापल्या चार रॅकांपुढे उभा, कोणी फिरत नाही. दिसायला सुरेखच.

पण इथे झोन का आहेत, हे दौऱ्यात कोणी सांगत नाही. आमच्याकडे तीन मजले आहेत. एका ऑर्डरसाठी माणूस जिने चढत-उतरत राहिला तर संपलंच. शिवाय २०२५च्या जानेवारीत इथे एकवीस वर्षांवरच्या माणसाचा किमान पगार तासाला १४.०६ युरो होता, त्यामुळे चालण्याचं प्रत्येक मिनिट हिशेबात येतं. भाच्याचं गोदाम एकमजली, दहा गल्ल्या, गल्ली तीस मीटरची. सोळा हजारांचा पिकर धरला तर त्याला मिनिट रुपयाच्या जरा वर पडतं. तिथले लोक म्हणतात, "माणूस स्वस्त आहे, एक ऑर्डर एक फेरी चालू दे." पैशापुरतं हे निम्मं खरं आहे. पण साडेसहाला कुरिअरची गाडी सुटते, आणि ती पिकरचा पगार बघत नाही.

म्हणून त्याला चालणं मोजायला लावलं. एका ऑर्डरला जाऊन-येऊन सरासरी नव्वद मीटर निघाले. गुणिले १,८००, म्हणजे दिवसाला १६२ किलोमीटर. भाचा म्हणाला, "रोज पुण्याला चालत जातोय की आम्ही!"

आता त्याच्या ऑर्डरी नीट बघा. १,८०० पैकी ११०० एकाच नगाच्या. त्या ऑर्डर म्हणून उचलायच्याच नाहीत. साठ ऑर्डरींचा माल एका मोठ्या ट्रॉलीत एकत्र घ्यायचा, कुठला फेसवॉश कोणाचा हे न बघता. पॅकिंगच्या टेबलावर बाटली स्कॅन केली की ती मागणाऱ्या एखाद्या ऑर्डरचं लेबल छापून येतं. नाव तिथेच चिकटतं, त्यामुळे रस्त्यात अदलाबदल व्हायला जागाच नाही. सगळ्या गल्ल्यांतून एक पूर्ण फेरी साधारण ३६० मीटरची. एकोणीस फेऱ्यांत अकराशे ऑर्डरी, सात किलोमीटरच्या आत.

उरलेल्या सातशे दोन-तीन नगांच्या. त्यांना सोळा क्रेटांची ट्रॉली: क्रेट म्हणजे एक ऑर्डर, आणि उचलतानाच ज्याचं त्याच्या क्रेटमध्ये टाकायचं. चव्वेचाळीस फेऱ्या, सोळा किलोमीटर. दोन्हीकडे बॅचच, आणि १६२चे तेवीसवर आले.

इथे ताईने फोन ओढला. डोंबिवलीत ती दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. "मी हे केव्हाचं करते. वीस डबे ओळीने मांडायचे नि चकल्यांचं पिंप घेऊन एकदाच फिरायचं." बरोबर आहे तिचं. फक्त तिच्या वीसही डब्यांत तेच जातं. चकली या डब्यात पडली काय, त्या डब्यात काय. भाच्याच्या सोळा क्रेटांत सोळा वेगळी माणसं आहेत. सहाव्या क्रेटमधलं सिरम सातव्यात पडलं तर एका चुकीत दोन गिऱ्हाइकं नाराज. एकाला कमी आलं, दुसऱ्याला भलतंच जास्त. ओळखायची खूण हीच: तक्रारी जोडीने येतात, आणि दोन्ही ऑर्डरी एकाच ट्रॉलीवरच्या निघतात. म्हणून बाटलीबरोबर क्रेटही स्कॅन करायचा. दोन सेकंद जातात. आमच्याकडे एका मोसमात घाई म्हणून ते बंद केलं होतं, तीन आठवड्यांत परत चालू करावं लागलं.

मग चाळीस क्रेट का नकोत? फेरी तेवढीच ३६० मीटरची, ऑर्डरमागे आणखी थोडी वाचेल, हे खरं. पण ट्रॉली गल्लीत वळत नाही, योग्य क्रेट शोधण्यात वेळ जातो, आणि पहिली भरलेली ऑर्डर चाळिसावीसाठी ट्रॉलीवरच ताटकळते. बहुतेक फायदा पहिल्या दहा-पंधरा क्रेटांतच येऊन जातो. सोळाच का आणि वीस का नाहीत, यावर मी भांडणार नाही. गल्लीची रुंदी मोजून बघ म्हटलं.

मॅनेजरचं वेव्ह तर या भांडणात चुकून आलंय. बॅच म्हणजे एका फेरीत किती ऑर्डरी, झोन म्हणजे कोणी कुठवर चालायचं, वेव्ह म्हणजे ऑर्डरी कधी मोकळ्या सोडायच्या. वेव्हमध्ये बॅच सहज बसतं. भाच्याकडे कुरिअरच्या गाड्या दोनच, अडीच आणि साडेसहाला. तेव्हा अकराला अडीचच्या गाडीच्या ऑर्डरी सोडणं शहाणपणाचंच आहे. पण एकदम सगळ्या सोडल्या की पॅकिंगवाले आधी अर्धा तास रिकामे बसतात आणि मग त्यांच्यापुढे ढीग. आमच्या शिफ्टच्या पोलिश बाई, ज्यांना यातलं माझ्या दुप्पट कळतं, त्या वेव्हची शेपटी बघतात: शेवटच्या पाच ऑर्डरी कशासाठी अडल्या? बहुतेकदा रॅकवर माल नाही, वरून पॅलेट उतरवलेलंच नाही. त्यांच्या मते, दर वीस मिनिटांनी थोड्या थोड्या सोडाव्यात, जी गाडी आधी सुटते तिच्या ऑर्डरी पहिल्या. इथे रात्री बारापर्यंतच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशी घरी पोचवायच्या असतात, त्यामुळे त्यांना ते सोयीचं. भिवंडीत दोनच गाड्यांना चालेल का, याबद्दल माझं नि त्या बाईंचं एकमत नाही.

आणि झोन? मालकांना अगदीच नाही म्हणू नये. दोन नगांच्या ऑर्डरीला झोनांत तोडलं की ती दोन ठिकाणी थांबते आणि शेवटी जोडावी लागते. शिवाय एका वस्तूवर ऑफर लागली की एक झोन बुडतो, बाकीचे हात बांधून उभे. एका सेलमध्ये मी हे बघितलंय: हेअर ड्रायरच्या झोनपुढे क्रेटांची रांग आणि पलीकडे दोघं निवांत गप्पा मारत. पण पिकर बारा-चौदा झाले आणि गल्लीत ट्रॉल्या समोरासमोर अडायला लागल्या, तर गल्ल्या दोन भागांत वाटाव्याच लागतील. दिवाळीच्या आठवड्यात कोपऱ्यात उभं राहून अडलेल्या ट्रॉल्या मोज, असं सांगितलंय. कन्व्हेअरचं नंतर.

गेल्या रविवारी पुन्हा फोन आला. एक-नगी ऑर्डरी वेगळ्या काढल्यात, मालकांचा चेहरा अजून कन्व्हेअरकडे. नवा घोळ परतीच्या मालाचा. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात ती कुठल्याही वेळी, नि रॅकवर लावायला कोणी मोकळं नाही. मी म्हटलं, पॅकिंगजवळच एक रॅक त्यांना दे आणि एक-नगी ऑर्डरी आधी तिथून भागव, चालायलाच नको. "आणि एक्सपायरी जवळ आलेला नग कोण बघणार?" भाचा म्हणाला. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे माल ड्रायर आणि केबलांचा.